एकास पन्नास म्हणजे नेमकं किती?

प्रश्न : आमचं दापोलीजवळ चौदा खोल्यांचं लॉज आहे. फरशीच्या क्लीनरचा पाच लिटरचा कॅन बारा दिवस जाईल असं सप्लायर सांगतो, आमच्याकडे तो पाच दिवसांत संपतो. पोरं चोरत असतील असं यजमानांना वाटतं. एवढं वापरूनही फरशी चिकट राहते, पाहुण्यांच्या पायांचे ठसे उमटतात. त्यात गेल्या महिन्यात बाथरूम धुताना एका मावशींना अचानक ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुठलं केमिकल किती घ्यायचं, कशात ठेवायचं आणि चार रंगांची फडकी खरंच लागतात का, की ती विकणाऱ्यांची हौस आहे?
– एक वाचक, दापोली

उत्तर : प्रश्न तीन-चार दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे माप. पाच दिवसांत संपणारा कॅन आणि चिकट फरशी या एकाच गोष्टीच्या दोन खुणा आहेत. मावशींचा ठसका थोडा वेगळा असला तरी तोही त्याच रस्त्याने आलेला असणार. चोरीचा आळ घेण्याआधी कॅनवरचं लेबल वाचू या.

अशा क्लीनरच्या लेबलवर बहुधा 1:50 असं छापलेलं असतं. म्हणजे एक भाग केमिकल आणि पन्नास भाग पाणी. एक लिटर पाण्याला हे 20 मिलिलिटर झालं, दहा लिटरच्या बादलीला 200. पण 50 हा आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस सहज लिटरला 50 मिलिलिटर घालतो. असं केलं की बादलीत 200 ऐवजी 500 मिलिलिटर जातं, म्हणजे अडीचपट. आता तुमचाच हिशेब करून पाहा. रोज दोन बादल्या लागतात असं धरलं, तर योग्य मापाने पाच लिटरच्या कॅनमध्ये पंचवीस बादल्या होतात आणि तो साडेबारा दिवस पुरतो. चुकीच्या मापाने दहाच बादल्या होतात आणि कॅन बरोबर पाच दिवसांत रिकामा. तुमचे पाच दिवस आणि सप्लायरचे बारा दिवस यांच्यात नेमका हाच फरक आहे. बादल्या किती लागतात तेवढं एकदा मोजून घ्या. पोरं चोरत नसून इमानेइतबारे जास्त ओतत आहेत, अशीच शक्यता मला जास्त वाटते.

जास्त घातलं की जास्त स्वच्छ होतं, या समजाला मात्र शास्त्राचा आधार नाही. क्लीनरमधला साबणासारखा घटक मळाला धरून पाण्यात आणतो आणि ते पाणी पोछ्यातून बादलीत जातं. मळाच्या मानाने हा घटक फार झाला, तर उरलेला फरशीवरच वाळतो आणि त्याचा पातळ थर बसतो. तो थर चिकट असतो, त्यावर धूळ आणि तळपाय दोन्ही चिकटतात. संध्याकाळपर्यंत फरशी मळकी दिसते, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी थोडं जास्त घातलं जातं. ओल्या पायाला अशी फरशी घसरडीही होते, आणि समुद्रावरून येणाऱ्या पाहुण्यांचे पाय ओलेच असतात. उपाय सोपा आहे. दोन-तीन दिवस नुसत्या कोमट पाण्याने फरशी पुसा आणि पाणी वारंवार बदला. पहिल्या दिवशी नुसत्या पाण्यालाही फेस आला, तर तो जुन्या थराचा आहे असं समजा.

माप घ्यायचं ते मापाच्या कपाने. ‘दोन झाकणं’ हे माप नव्हे, कारण दर कंपनीच्या झाकणात वेगळं माप मावतं आणि सप्लायर बदलला की तुमची रेसिपीच बदलते. कॅनला बसवायचा पंप घेतलात, तर एका दाबाला किती येतं ते आधी तपासा. दहा दाब मापाच्या भांड्यात घ्या, दहाने भागा आणि तो आकडा पंपावर मार्करने लिहा. बादलीच्या आतल्या बाजूलाही दहा लिटरवर पक्की रेघ हवी, कारण पाणी अंदाजाने भरलं तर केमिकल मोजून काही उपयोग नाही. आणि क्रम नेहमी आधी पाणी, मग केमिकल असाच ठेवा. उलट केलं तर फेस वर येतो आणि मूळ दाट द्रव तोंडावर उडतो. ॲसिडच्या बाबतीत तर हे हातावर आणि डोळ्यांवर बेततं. दाट केमिकल ओतताना रबरी हातमोजे आणि साधा चष्मा एवढं तरी असू द्या.

आता मावशींच्या ठसक्याकडे येऊ. तिथे काय घडलं हे मी पाहिलेलं नाही, पण अशा घटनांची गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच असते. कमोडच्या आत पिवळट-तपकिरी कड बसलेली असते. मावशी त्यावर हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ओततात. कड पांढरट होते, पण जात नाही. मग त्यावर टॉयलेटचं ॲसिड ओतलं जातं, किंवा आधी ॲसिड आणि मग हायपो. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे तो खालीच रेंगाळतो, आणि कमोड घासणारं माणूस नेमकं खाली वाकलेलं असतं. चार बाय सहाच्या, दार लोटलेल्या बाथरूममध्ये घसा आणि डोळे चुरचुरायला वेळ लागत नाही. अमोनिया असलेल्या क्लीनरवर हायपो पडला तरी असाच दुसरा त्रासदायक वायू निघतो.

यात मावशींचा हेतू वाईट नव्हता. कोणतं केमिकल कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. कमोडमधली ती कड बहुतांशी क्षारांची असते, विशेषतः बोअरचं पाणी असेल तिथे. क्षार विरघळवतं ते ॲसिड. हायपो रंग उडवतो आणि जंतू मारतो, दगडासारख्या क्षाराला तो काहीच करू शकत नाही. टॉयलेट क्लीनरच्या बहुतेक बाटल्यांमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि कमोडच्या आत ते बहुधा पाणी न घालताच वापरायचं असतं. तेव्हा सगळीच केमिकलं पातळ करायची असतात असंही समजू नका, प्रत्येकाचं लेबल वेगळं वाचा. ॲसिड लावलं, दहा मिनिटं थांबलं, घासलं, फ्लश केलं, की तिथलं काम संपलं. त्याच खेपेला तिथे हायपो न्यायचाच नाही. आणि हेच ॲसिड संगमरवरावर किंवा शहाबादीवर सांडू देऊ नका. दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिडने त्यांची चकाकी जाते आणि ती पुसून परत येत नाही.

चुकून दोन्ही मिसळली तर काय? आणखी काही ओतायचं नाही, पहिल्यांदा माणसाने बाहेर पडायचं. जाता जाता हाताशी असेल तर दार-खिडकी उघडी करायची आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत जायचं नाही. ठसका थांबत नसेल, श्वास लागत असेल, तर 108 ला फोन करा. डोळ्यांत थेंब गेला असेल तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली डोळा धरा आणि मग डॉक्टर. कोणी चुकून प्यायलं तर उलटी करायला लावू नका, कारण वर येताना ॲसिड घसा दुसऱ्यांदा भाजतं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक 1800 116 117 आहे, तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. फोन करताना बाटली हातात हवी, कारण पलीकडून पहिल्यांदा ‘नाव काय लिहिलंय?’ असंच विचारतील.

इथेच लेबलचा मुद्दा येतो. कंपनीच्या मूळ कॅनवर लेबल असतंच. घोटाळा होतो तो कॅनमधून स्प्रे बाटलीत भरताना, आणि त्याहून मोठा घोटाळा मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरताना. हे दुसरं तर पूर्ण बंद करा. उन्हातून आलेला माणूस पाण्याची बाटली उचलून तोंडाला लावतो, वाचत बसत नाही. स्प्रे बाटलीवर चार गोष्टी पुरतात : केमिकलचं नाव, ते कशावर वापरायचं, किती पातळ केलं आणि कोणत्या तारखेला. उदाहरणार्थ, ‘काच क्लीनर. आरसा, खिडकी. लिटरला 20 मिलि. 12 मे.’ अक्षरं मराठीत, ठळक, आणि वर पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर दोन दिवसांत शाई पसरते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाटलीवर कमोड, आरसा किंवा फरशी यांचं छोटं चित्र. मूळ कॅनवर लाल काठाच्या चौकटीत हाताला आणि धातूला खाणाऱ्या थेंबांचं चित्र असेल, तर तेही या बाटलीवर काढा. हॉटेलांतली मुलं ‘आर-वन’, ‘आर-टू’, ‘आर-सिक्स’ अशी नावं घेतात. ते आकडे मुळात एका कंपनीच्या मालिकेतले आहेत, त्यामुळे नव्या सप्लायरचा आकडा तोच असला तरी आतलं केमिकल आणि माप तेच असेल असं गृहीत धरू नका.

तारखेचं महत्त्व हायपोला सगळ्यात जास्त. तुम्ही 10 टक्क्यांचा हायपो घेत असाल आणि 0.1 टक्क्याचं पाणी करायचं असेल, तर दहा लिटरच्या बादलीत 100 मिलिलिटर घालायचं. 5 टक्क्यांचा असेल तर 200. लेबलवरची टक्केवारी न पाहता ‘नेहमीचं माप’ घातलं की इथेच दुप्पट-निमपट होतं. शिवाय हायपो ठेवून ठेवून कमजोर होतो. उष्णता आणि ऊन लागलं की तो आपोआप विघटित होतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण तिप्पट-चौपट होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन पावसाळ्यात उघडला तर कॅनवर 10 टक्के असेल, आत तेवढा नसेल. त्यातून ऑक्सिजन सुटत असल्यामुळे घट्ट बंद कॅन फुगतोही. फुगलेला कॅन ही एक खूणच समजा. खात्री करायची असेल तर क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, पाण्यात बुडवून डबीवरच्या रंगाशी ताडायच्या. 0.1 टक्का म्हणजे 1000 पीपीएम, तेवढं मोजणारी पट्टी मागा. पोहण्याच्या तलावाची पट्टी फार कमी मोजते, ती इथे चालत नाही. आणि पातळ केलेला हायपो त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका.

माझं मत विचाराल, तर चौदा खोल्यांच्या लॉजला रोज हायपो लागतच नाही. फरशी, फर्निचर, दारं यांना साधा क्लीनर पुरे. हायपो ठेवावा तो उलटी, रक्त, विष्ठा यांच्यासाठी आणि संडासाच्या सीटसाठी. तोही आधी मळ पुसून मग, कारण मळावर पडलेला क्लोरीन मळाशी झगडण्यातच खर्च होतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. पुसून झाल्यावर लावायचा, दहा मिनिटं ओला राहू द्यायचा, मग पाण्याने पुसायचं. रोजच्या वापरातून हायपो गेला की ॲसिडशी त्याची गाठ पडण्याची वेळही कमी येते.

कपाटाबद्दल फार लिहीत नाही, दोनच गोष्टी पाळा. ॲसिड आणि हायपो एका कपाटात असले तरी कडा असलेल्या वेगवेगळ्या प्लास्टिक ट्रेमध्ये, शक्य तर वेगळ्या टोकांना ठेवा, म्हणजे दोन्ही गळले तरी त्यांची भेट होणार नाही. आणि द्रव केमिकलं डोळ्यांच्या उंचीच्या खाली, पावडरी वर. वरून कॅन काढताना तो कलंडला तर पहिला थेंब चेहऱ्यावर येतो. कपाटाला कुलूप आणि हवा दोन्ही हवं. न्याहारीचं सामान, चादरी, साबणाच्या वड्या त्या खोलीत नकोत. तुम्ही न्याहारी देता म्हणजे तुम्ही खाद्यव्यवसायात आलात, आणि अन्नसुरक्षेचे नियमही केमिकल अन्नापासून वेगळं, लेबल लावून ठेवायलाच सांगतात.

आता फडकी. विकणाऱ्यांची हौस थोडी आहे, पण कल्पना रास्त आहे. खोलीत पाण्याचे दोन ग्लास उपडे ठेवलेले असतात. घाईच्या दिवशी बेसिन पुसलेल्या फडक्यानेच ते पुसले जातात, आणि त्या फडक्याने त्याआधी काय पुसलं हे त्या फडक्यालाच ठाऊक. चुकलं ते ओळखता यावं म्हणून रंग. ब्रिटनमध्ये सफाईच्या क्षेत्रातल्या संस्थेने ही पद्धत रुळवली आणि ती जगभर पसरली. लाल संडासाला, निळा सर्वसाधारण खोलीला, हिरवा स्वयंपाकघराला, हे तीन बहुतेक ठिकाणी सारखे आहेत. पिवळ्याबाबत मात्र एकमत नाही. कुठे तो बेसिन-आंघोळीला वापरतात, तर ब्रिटिश रुग्णालयांत तो संसर्गामुळे वेगळ्या ठेवलेल्या रुग्णांच्या खोल्यांसाठी आहे. म्हणजे पिवळं फडकं ‘कायद्याने’ कशाचं आहे, या वादात पडू नका. तुमच्या लॉजमध्ये एक नियम ठरवा आणि भिंतीवर लावा. एवढंच करा की लाल रंग संडासाबाहेर दुसऱ्या कशालाही देऊ नका, आणि ग्लास खोलीत पुसायचेच नाहीत, ते स्वयंपाकघरात नेऊन धुवायचे.

फडकं चारात दुमडलं तर आलटून-पालटून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका खोलीला एक असं धरलं, तर चौदा खोल्यांना निळी चौदा आणि धुण्याच्या पाळीसाठी आणखी तेवढीच, असा हिशेब ठेवा. मायक्रोफायबर फडक्यांना हायपो आणि कपडे मऊ करणारं द्रव दोन्ही लावू नका. हायपोने त्यातला नायलॉनसारखा धागा खराब होतो, आणि मऊ करणाऱ्या द्रवाने धाग्यांच्या फटी बुजून ते फडकं पाणी शोषायचं थांबतं. हायपोमुळे आणखी एक गंमत होते. लाल फडकं धुऊन धुऊन फिकट गुलाबी पडतं, मग कोणीतरी ते ‘जुनं’ म्हणून खोलीतल्या टेबलाला वापरतं. रंगाची पद्धत मोडते ती अशी, कोणी मुद्दाम मोडत नाही. रंग उतरलेलं फडकं कापून टाका. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि ते बरेचदा त्यांनाही माहीत नसतं. म्हणून लाल फडक्याच्या कोपऱ्याला काळ्या दोऱ्याचा एक टाका घाला, आणि बादलीलाही तशीच खूण करा.

शिकवण्याबद्दल सांगायचं तर, तासभराचं भाषण नको. हंगाम सुरू व्हायच्या आधी अर्धा तास घ्या, आणि सांगण्याऐवजी करून दाखवा. एक बादली योग्य मापाने आणि एक अडीचपट करा. दोन्हींनी एकेक फरशी पुसा, वाळू द्या, आणि प्रत्येकाला तळहात फिरवून पाहायला सांगा. एवढं एकदा केलं की चिकटपणाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. मग प्रत्येकाकडून बादली भरून घ्या, तुम्ही नुसतं पाहा. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात, म्हणून ‘दाखव बघू’ म्हणा. आणि ‘वास आला नाही तर पाहुणे म्हणतील साफ केलंच नाही’ ही त्यांची भीती ऐकून घ्या. ती खरी आहे, पाहुण्यांनी तशी तक्रार केलेली असते. त्यावर उत्तर म्हणून खोलीत खिडकी उघडून वारा येऊ द्या, पण केमिकल वाढवू देऊ नका. नवीन मुलगा आला की हाच अर्धा तास पुन्हा, मग तो दिवाळीच्या गर्दीत आलेला असला तरी.

मावशींना ठसका लागला त्या दिवशी त्यांच्यावर कोणी ओरडलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओरडला असाल, तर पुढच्या वेळी काय मिसळलं ते त्या सांगणार नाहीत, आणि डॉक्टरला तेच आधी हवं असतं.

राहता राहिल्या कपाटातल्या बिनलेबलच्या जुन्या बाटल्या, ज्या तुमच्याकडेही असतीलच. त्या हुंगून ओळखायच्या नाहीत, एकमेकींत ओतायच्या नाहीत आणि बेसिनमध्येही सोडायच्या नाहीत. आत काय आहे हे ठाऊक नसताना नळीत आधीच ॲसिड असू शकतं. प्रत्येकीवर ‘अज्ञात, वापरू नये’ अशी पट्टी लावा, झाकण घट्ट करा, वेगळ्या ट्रेमध्ये उभ्या ठेवा आणि सप्लायरला घेऊन जायला सांगा. तो नाही म्हणाला, तर घरगुती घातक कचरा म्हणून नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीकडे विचारा. सेप्टिक टँक असलेल्या लॉजमध्ये तर ओळखीचा हायपोसुद्धा एकदम कॅनभर संडासात ओतू नका, टाकीतले मळ कुजवणारे जिवाणू मरतात आणि मग आठवडाभर वेगळाच वास येत राहतो.